परळीच्या संचाचा हीट रेट 2450 म्हणजे नेमकं काय?

प्रश्न: आमच्या परळीच्या औष्णिक केंद्रात एखाद्या संचाचा हीट रेट 2450 असेल, तर त्यावरून कार्यक्षमता कशी कळते?

उत्तर: एक युनिट वीज तयार करायला कोळशातून 2450 किलोकॅलरी उष्णता खर्ची पडते. एका युनिटमध्ये असतात 860 किलोकॅलरी. 860 ला 2450 ने भागा, कार्यक्षमता सुमारे 35 टक्के येते. म्हणजे आकडा जितका कमी तितकं चांगलं.

उन्हाळ्यात मराठवाड्यात कूलिंग टॉवरचं पाणी पुरेसं थंड होत नाही, वाफेचं पुन्हा पाणी करणाऱ्या कंडेन्सरचा व्हॅक्यूम उतरतो आणि त्याच वाफेतून वीज कमी निघते. समजा हीट रेट 2550 झाला. किलोमागे 3500 किलोकॅलरी देणारा कोळसा असेल तर युनिटमागे जवळपास 29 ग्रॅम जास्त जळतो. किरकोळ वाटतं, पण 250 मेगावॉटचा संच पूर्ण भाराने चालला तर तासाला सात टन कोळसा जादा लागतो!