नंबर शून्य, तरी अक्षरं फुटतात

"मॅडम, आम्ही इंदूरला तिलक नगरात राहतो. मुलगी नववीत आहे. अभ्यासाला बसली की वीस मिनिटांत डोळे चोळायला लागते, अक्षरं पुसट दिसतात म्हणते. डोळे तपासून आणले, नंबर नाही, ६/६ आहे. मोबाइल मात्र तासभर चालतो. हिचे बहाणे समजायचे का? शेजारच्या काकू म्हणतात, डोळ्यांचे व्यायाम लावा. त्याने खरंच काही होतं का?"

बहाणा ठरवण्याआधी एक तपासणी राहिली आहे, ती करून घ्या. ६/६ चा अर्थ एवढाच, की सहा मीटरवरच्या तक्त्यावरची बारीक अक्षरं एकेका डोळ्याने नीट वाचता आली. पुस्तक हातभर अंतरावर असतं आणि ते दोन्ही डोळ्यांनी मिळून वाचायचं असतं. त्यासाठी दोन्ही डोळे नाकाकडे वळून एकाच अक्षरावर टेकावे लागतात आणि पानभर तिथेच राहावे लागतात. काही मुलांचे डोळे असे आत वळतात, पण टिकत नाहीत. याला कन्व्हर्जन्स इन्सफिशियन्सी म्हणतात. डोळे निरोगी असतात, नंबर नसतो, म्हणून नेहमीच्या तपासणीत हे सुटून जातं.

मोबाइलचं कोडंही यातच थोडं उलगडतं. रील बघताना ओळ धरून पुढे जायचं नसतं, मध्येच चित्र जरा फुटलं तरी काही बिघडत नाही. पाठ्यपुस्तकात एक ओळ सुटली की वाक्याचा अर्थच जातो. अर्थात मोबाइलची आवड हे निदान नव्हे, ती सगळ्याच मुलांना असते.

माझ्याकडे आलेल्या एका मुलाची हकिगत सांगते. अकरावीतला, लोकमान्य नगरचा, भंवरकुआँच्या एका कोचिंगला जाणारा. त्याला आपण निनाद म्हणू, खरं नाव वेगळं आहे. आईवडील आले ते एकाग्रतेची तक्रार घेऊन. कोचिंगमधल्या सरांनी "लक्ष नाही" असा शेरा दिला होता. घरी आजी रोज रात्री त्याच्या डोळ्यांवर गुलाबपाण्याच्या घड्या ठेवत होती आणि बाबा रोज मोबाइल काढून घेत होते.

मी त्याला त्याच्याच भौतिकशास्त्राच्या पुस्तकातलं पान मोठ्याने वाचायला दिलं. चार-पाच ओळी सरळ गेल्या. मग डावा तळहात गालावर आला आणि हळूहळू वर सरकत डोळ्यावर गेला. पुढचं सगळं त्याने एकाच डोळ्याने वाचलं, आणि हे त्याचं त्यालाही कळलं नव्हतं. हात काढायला लावला तर एकच ओळ दोनदा वाचली. मग म्हणाला, "मॅडम, लाइनें एक-दूसरे पे चढ़ जाती हैं." एक डोळा झाकल्यावर पान शांत होत असेल आणि दोन्ही उघडल्यावर अक्षरं पोहत असतील, तर गोष्ट डोळ्यांच्या जोडीची असण्याची शक्यता मोठी. माझं काम तिथे संपतं. निदान करायला मी त्याला द्विनेत्री दृष्टीचं काम करणाऱ्या ऑप्टोमेट्रिस्टकडे पाठवलं.

तिथे आधी ड्रॉप टाकून नंबर तपासला. हे महत्त्वाचं, कारण लपलेला प्लसचा नंबरसुद्धा अशीच तक्रार करवतो आणि तेव्हा चष्मा हाच पहिला उपाय असतो. निनादला तो नव्हता. मग एक बारीक खूण त्याच्या नाकाकडे सावकाश सरकवत नेली आणि ती दोन दिसू लागली की सांग म्हटलं. साधारण ६ सेंटिमीटरच्या आत येईपर्यंत ती एकच दिसायला हवी. त्याला १३ वरच दोन दिसल्या. जवळ बघताना त्याच्या डोळ्यांची बाहेर सरकायची ओढ, प्रिझम या डोळ्यांच्या वळण्याच्या मापात, १० भरली, दूर बघताना फक्त २. अशी ओढ सावरायला आत वळण्याची राखीव ताकद निदान दुप्पट हवी, म्हणजे २० प्रिझम. याची पकड ११ ला सुटत होती. तक्रारींची एक पंधरा प्रश्नांची यादी असते, मुलांमध्ये तिचे १६ किंवा जास्त गुण आले की तक्रार खरी मानतात. निनादचे ३३ होते. मात्र नुसत्या त्या यादीवर कुणी निदान करत असेल तर मान्य करू नका. लक्ष न लागणाऱ्या मुलांचे गुणही तिच्यात वर जातात.

आता व्यायामाचं. घरी आजवर सगळ्यांना ठाऊक असलेला व्यायाम म्हणजे पेन्सिल नाकाजवळ आणणे. अमेरिकेत ९ ते १७ वयाच्या २२१ मुलांवर या उपायांची तुलना झाली आणि २००८ साली ती प्रसिद्ध झाली. बारा आठवड्यांनंतर क्लिनिकमध्ये थेरपी घेणाऱ्यांपैकी ७३ टक्के मुलं बरी झाली किंवा सुधारली. घरी पेन्सिल करणाऱ्यांत हे प्रमाण ४३ टक्के होतं आणि क्लिनिकमध्ये नुसती दिखाऊ थेरपी दिलेल्यांत ३५ टक्के. म्हणजे पेन्सिल दिखाऊ उपचाराच्या फारशी पुढे गेली नाही. माझ्या मते यात दोष पेन्सिलचा कमी आणि एकटेपणाचा जास्त. मुलाला काय दिसतंय हे विचारायला घरी कुणी नसतं. ताण आला की मेंदू कधीकधी एका डोळ्याचं चित्र सरळ बंद करतो. मग पेन्सिल नाकापर्यंत आली तरी "एकच दिसते" असं मूल खरेपणाने सांगतं आणि व्यायाम मात्र झालेलाच नसतो.

क्लिनिकमध्ये हीच चोरी पकडतात. निनादच्या पहिल्या काही बैठका दोरीवर गेल्या. पांढरी दोरी, तिच्यात तीन रंगीत मणी, एक टोक दाराच्या कडीला आणि दुसरं नाकाच्या शेंड्याशी धरलेलं. मधल्या मण्याकडे बघितलं की दोरी एक असूनही दोन दिसायला हव्यात आणि त्या बरोबर मण्यात एकमेकींना छेदायला हव्यात. एकच दोरी दिसली तर एक डोळा बंद पडला आहे. दोन दिसल्या पण छेद मण्याच्या पलीकडे पडला, तर डोळे मण्यापर्यंत पोचतच नाहीत, मागेच कुठेतरी भेटत आहेत. निनादचा छेद जवळच्या मण्याच्या चांगला वीतभर पलीकडे पडे. थेरपिस्ट मॅडम दर वेळी विचारत, "कहाँ कट रही है?" आणि तो बोट दाखवी. छेद मण्यावर आला की मणी आणखी नाकाकडे सरकायचा.

दोरी जमल्यावर लाल-हिरव्या चष्म्याची चित्रं आली. लाल काचेतून एक चित्र, हिरव्यातून दुसरं, आणि दोन्ही मिळून एक दिसायला हवं. ती एकमेकांपासून हळूहळू लांब सरकवतात, तशी डोळ्यांना जास्त आत वळून ती धरून ठेवावी लागतात. इथे एक गंमत आहे. डोळे नीट आत वळले की चित्र लहान होऊन जवळ आल्यासारखं वाटतं. "मोठं झालं की लहान?" या साध्या प्रश्नाच्या उत्तरावरून मूल खरंच काम करतंय का हे कळतं. जोडीला प्लस आणि मायनसची भिंगं पालटत बारीक अक्षरं वाचायची, म्हणजे फोकस करणारा स्नायूही चपळ होतो. शेवटी शेवटी एका अंतरावरून दुसऱ्यावर झटकन उडी मारायची, कारण वर्गात फळा आणि वही यांच्यात तेच करायचं असतं.

आठवड्यातून एकदा तासभर क्लिनिकमध्ये आणि आठवड्यातले पाच दिवस घरी पंधरा मिनिटं, असा हा क्रम होता. सुरुवातीला डोकं जास्तच दुखलं. चौथ्या आठवड्यात मोजमाप सुधारलं, खूण ८ सेंटिमीटरपर्यंत एकच दिसू लागली, पण वाचताना त्याला काहीच फरक वाटेना. "मॅडम, फालतू है ये सब," असं म्हणत तो माझ्याकडे आला. बहुतेक मुलं इथेच सोडतात. आकडे आधी सरकतात, आराम मागून येतो, हे त्याला आणि बाबांनाही समोर बसवून सांगितलं. घरच्या पंधरा मिनिटांसाठी वेळ बदलून घेतली. रात्री साडेदहाला कोचिंगचा गृहपाठ संपल्यावर तो दोरी धरत असे, तेव्हा डोळ्यांत काही उरलेलं नसे. सकाळी आंघोळीनंतर, पोहे व्हायच्या आत, असं ठरलं. मधल्या काळात घरी त्याने वीस मिनिटं वाचून थोडा वेळ खिडकीबाहेर बघायचं, एवढी सवलत बाबांनी मान्य केली.

बाराव्या आठवड्यात खूण ५ सेंटिमीटरवर आली, पकड ३० प्रिझमच्या आसपास गेली आणि यादीचे गुण १२ वर उतरले. गालावरचा हात गेला. हे सगळ्यांत आधी आजीच्या लक्षात आलं.

रसायनशास्त्राचे गुण मात्र होते तिथेच राहिले. हे तुम्हाला मुद्दाम सांगते, कारण "थेरपीने अभ्यास सुधारतो" असं विकलं जातं. २०१९ साली ३१० मुलांची आणखी एक चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात क्लिनिकमधल्या थेरपीने वाचून समजण्याच्या परीक्षेत दिखाऊ थेरपीपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. डोळे थकायचे थांबले की मूल जास्त वेळ बसू शकतं. त्या वेळात ते काय वाचतं, किती समजतं, हा वेगळा प्रश्न, आणि निनादबरोबर त्यावर आम्ही नंतर वेगळं बसलो. दूरचा नंबर या व्यायामाने उतरत नाही आणि अक्षरओळखीच्या अडचणीवरही हा उपचार नाही. वाचनासाठी प्रिझमचा चष्मा कुणी सुचवला तर हेही माहीत असू द्या, की मुलांमध्ये तो साध्या चष्म्यापेक्षा सरस ठरलेला नाही.

तुमच्या मुलीसाठी अपॉइंटमेंट घेताना फोनवरच विचारा: ड्रॉप टाकून नंबर काढाल का, जवळची खूण सेंटिमीटरमध्ये मोजाल का, प्रिझमने पकड मोजाल का. तिन्हीला हो आलं तर जा. आकडे कागदावर लिहून मागा आणि महिन्याभराने तेच आकडे पुन्हा काढायला सांगा. बैठकींचं एकरकमी पॅकेज आधीच गळ्यात मारणाऱ्याला मी तरी पैसे देणार नाही. एकेका बैठकीची फी आणि अंदाजे किती बैठका, हे मात्र पहिल्याच दिवशी बोलून घ्या, मध्येच सोडावं लागलं तर आधीचं वाया जातं.

आणि दोन दिसणं एकाएकी सुरू झालं असेल, डोक्याला मार लागल्यानंतर आलं असेल, एखादी पापणी खाली येत असेल किंवा दूरचंही दोन दिसत असेल, तर व्यायामाचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला दाखवा. ते गरज वाटल्यास मेंदूविकारतज्ज्ञाकडे पाठवतील.