डेंग्यूच्या पोस्टरचे रंग: लाल-हिरव्याचं काय करायचं

अरे, तुझं पोस्टर बघितलं, हिरव्या बॅकग्राउंडवर लाल अक्षरात 'पाणी साचू देऊ नका' लिहिलंयस ना, तेच आधी बदल. लाल-हिरवा फरक न कळणाऱ्याला दोन्ही मातकट दिसतात आणि ओळ गायबच होते. बाकीच्यांनाही त्रास होतोच, कारण #FF0000 आणि #008000 चा कॉन्ट्रास्ट जेमतेम 1.3:1 येतो, छोट्या अक्षरांना निदान 4.5:1 हवा.

त्यापेक्षा बॅकग्राउंड निळा #0072B2 घे आणि त्यावर पांढरी अक्षरं, साधारण 5.2:1 मिळतो. डास आणि टायरच्या चित्रामागे नारिंगी #E69F00 चा पट्टा दे, पण त्यावर पांढरं लिहू नकोस हं, 2.3 च्या आतच राहतं, काळं लिही, 9 च्या वर जातं. आणि 'करा'ला हिरवा, 'करू नका'ला लाल एवढ्यावर भागवू नको, बरोबरची खूण आणि फुली पण टाक.

मग सगळं ग्रेस्केल करून एक प्रिंट काढ, अप्पा बळवंत चौकात कुठेही निघेल, आणि जिन्यातल्या अंधुक उजेडात चार पावलं लांबून वाच. तिथे जी ओळ पुसट वाटेल तिचा रंग गडद-फिका कर, नुसती छटा बदलून काही होत नाही.