पानावरची भोकं: झेंडूवर गोगलगाय, लिंबावर अळी, आणि चमकणारा पट्टा तिसऱ्याचाच

प्रश्न: "पुण्यात घरामागे थोडी परसबाग आहे. झेंडू, कोबी आणि लिंबू, तिन्हींची पानं खाल्ली जाताहेत. चार फोटो टाकलेत. चौथ्या फोटोत लिंबाच्या पानावर चांदीसारखा पट्टा दिसतोय, म्हणजे गोगलगायच ना? इमामेक्टिन दोनदा मारलं, झेंडूला काहीच फरक नाही."

ताई, आधी चौथा फोटो, कारण सगळा घोटाळा त्याने केलाय. तो गोगलगायीचा माग नाही. ती नागअळी आहे. फोटो मोठा करून बघा, पट्टा नागमोडी आहे, त्याच्या मधोमध बारीक काळसर रेघ आहे आणि पान कडेने वळलंय. ही अळी पानाच्या वरच्या पापुद्र्याखाली शिरून आतला हिरवा भाग खात पुढे सरकते. मधली काळी रेघ ही तिची विष्ठा. खात्री हवी असेल तर ओल्या बोटाने पट्टा चोळा. गोगलगायीचा चिकट माग पानाच्या वर असतो, तो निघतो किंवा बुळबुळीत होतो. नागअळीचा पट्टा पानाच्या आत असतो, तो पुसला जात नाही.

आता पहिला फोटो, झेंडूचा. इथे कुठेच चमक नाही, तरी हे काम गोगलगायीचं, नाहीतर तिच्या बिनशंखाच्या बहिणीचं, म्हणजे स्लगचं आहे. मागाची चमक पावसाच्या एका सरीत धुऊन जाते. फोटो दुपारचा दिसतोय, त्यामुळे माग न दिसणं हा काही पुरावा नाही. मी तीन गोष्टींवरून बोलतोय. एक, भोकांची कड. गोगलगायीला अळीसारखे चावणारे जबडे नसतात. तिची जीभ कानशीसारखी असते आणि ती पान खरवडते. म्हणून भोकाचा आकार वेडावाकडा होतो, आणि काही ठिकाणी पान पूर्ण आरपार न जाता खालचा पातळ पापुद्रा तसाच राहतो. तुमच्या फोटोत डाव्या बाजूच्या पानावर असे दोन पारदर्शक चट्टे आहेत. दोन, खालच्या पानावर पडलेली विष्ठा. ती शेवईच्या तुकड्यासारखी लांबट आणि वळलेली आहे. अळीची विष्ठा सुटी, कोरडी, दाणेदार असते, पानाच्या बेचक्यात साठलेली सापडते. तीन, फुलाच्या पाकळ्यासुद्धा कुरतडल्यात आणि जमिनीलगतची पानं जास्त गेलीत. झेंडू गोगलगायींना फार आवडतो.

मग इमामेक्टिनने फरक का पडला नाही, याचं उत्तर यातच आहे. ते अळ्यांचं औषध आहे. गोगलगाय कीटकच नाही, ती मृदुकाय प्राणी. तिसऱ्यांदा मारूनही झेंडूला उपयोग होणार नाही.

कोबीचा फोटो मात्र मी ठामपणे सांगू शकत नाही, आणि तो बघून कोणी ठामपणे सांगितलं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पापुद्रा राहिलेले चट्टे गोगलगायीचे असतात, तसेच लहान अळ्यांचेही असतात. चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची लहान अळी कोबीवर पानाचा हिरवा भाग खाते आणि पापुद्रा खिडकीसारखा सोडते. तंबाखूवरच्या पानं खाणाऱ्या अळीची पिल्लं तर एकाच पानावर घोळक्याने बसून पान जाळीदार करतात. म्हणजे नुसत्या भोकावरून निकाल लागत नाही. पान उलटं करा. मागच्या बाजूला छोटी हिरवी अळी असेल आणि बोट लावल्यावर वळवळत धाग्याने खाली लटकली, तर ती चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची. घोळका असेल तर ते पान तोडून अळ्यांसकट साबणाच्या पाण्यात बुडवा. काहीच सापडलं नाही, तर रात्री बघावं लागेल.

लिंबाचा दुसरा फोटो सोपा आहे. फक्त शेंड्याची कोवळी पानं कडेपासून आत खाल्लीत, मधली शीर उभी आहे आणि खालची जून पानं शाबूत आहेत. ही लिंबावरच्या फुलपाखराची अळी. लहानपणी ती पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते म्हणून डोळ्यांसमोर असूनही सापडत नाही, मोठी झाली की हिरवी होते. एक-दोन झाडं आहेत, हाताने वेचा. फवारणीची गरज नाही. नागअळीची वळलेली पानं तोडून टाका, त्यासाठीही तेवढंच पुरे.

आता रात्रीची तपासणी. अंधार पडल्यावर नऊ-दहाच्या सुमारास टॉर्च घेऊन जा, आणि प्रकाश वरून न टाकता पानाच्या बाजूने तिरका टाका. तिरक्या उजेडात ताजा माग लगेच चकाकतो, सरळ फ्लॅशमध्ये बहुतेकदा दिसतच नाही. फोटोही तसाच काढा. एक लक्षात ठेवा, माग म्हणजे गोगलगाय तिथून गेली एवढंच. तिनेच खाल्लं हे म्हणायला माग भोकापर्यंत पोचलेला हवा.

कोवळी रोपं सकाळी तुटलेली सापडली, तर अजून एक गफलत होते. रोप बुंध्याशी सरळ कापलं गेलंय आणि वरचा भाग बाजूला तसाच पडलाय, तर कुरतडणाऱ्या अळीचा संशय धरा. दिवसा ती मातीत असते. बुंध्याभोवतीची वरची माती बोटभर उकरा, अर्धगोल गुंडाळलेली अळी निघेल. गोगलगाय मात्र रोप खाऊन टाकते, नुसता खुंट उरतो. 2022 च्या खरिपात लातूर, बीड आणि तेव्हाच्या उस्मानाबाद भागात शंखी गोगलगायींनी सोयाबीनची रोपं अशीच उगवतानाच संपवली होती.

गोगलगायी पकडायला जुनं गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून झेंडूच्या वाफ्यालगत संध्याकाळी टाका आणि उजाडायच्या आत उलटा. खाली जमलेल्या गोगलगायी मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका. मीठ वाफ्यात पसरू नका, मातीचं नुकसान होईल. हातमोजे घालूनच हाताळा, कारण शंखी गोगलगायीत मेंदूज्वर करणाऱ्या एका कृमीच्या अळ्या असू शकतात, आणि कोबी नीट धुऊन घ्या. मातीत पिवळसर-पांढऱ्या गोल अंड्यांचा पुंजका सापडला तर तोही त्याच बादलीत. हे काम पावसाळाभर करत राहावं लागतं, एका रात्रीत आटपत नाही.

गोगलगायी मारणाऱ्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्या शेवटी. शेतात एकरी दोन किलोच्या हिशोबाने टाकतात, परसबागेत चिमूटभर पुरते. पण त्या कुत्र्या-मांजरांना आणि कोंबड्यांना घातक आहेत, आणि धान्यापासून बनलेल्या असल्याने कुत्री त्या आवडीने खातात. घरात प्राणी असेल, तर आयर्न फॉस्फेटच्या गोळ्या मिळतात का ते विचारा, त्या तुलनेने सुरक्षित. त्या दुकानात नसतील तर गोणपाटावरच भागवा. कोबीच्या पानाची मागची बाजू आणि रात्रीचा तिरक्या उजेडातला फोटो इथे टाका, मग कोबीचंही सांगतो.