निरोपाच्या भाषणात आभार कुणाचे आणि कसे मानावेत?

मस्कतहून एका ताईंचं पत्र आलंय. चौदा वर्षांनी सगळं कुटुंब डिचोलीला परततंय. मित्रमंडळींनी निरोपाचं जेवण ठेवलंय, तिथे दोघांनी बोलायचंय, म्हणून भाषणाचा मसुदा त्यांनी मला वाचायला पाठवला आहे.

ताई, मसुद्यात बावीस नावं आहेत आणि प्रत्येक नावापुढे 'यांची खूप मदत झाली'. मदत नेमकी कोणती, ते एकदाही आलेलं नाही. शिवाय बावीस नावं घेतली की तेविसावा माणूस समोर बसलेला असतो, आणि त्याचं नाव राहिलेलं असतं. म्हणून नावांची यादी काढून टाका. तीनच प्रसंग निवडा. त्यांतून जी माणसं येतील तेवढीच नावं घ्या, आणि बाकीच्यांना जेवणाआधी एकेकट्यांना भेटून सांगा.

आम्ही 2014 मध्ये मस्कत सोडून फोंड्याला आलो, तेव्हा माझ्याही कागदावर आधी असंच होतं, 'चेचीने आम्हाला सख्ख्या बहिणीसारखं सांभाळलं'. चेची म्हणजे आमच्या इमारतीतली केरळची शेजारीण. वाक्य खोटं नव्हतं, पण ते कुणाबद्दलही म्हणता आलं असतं. मग मी ते खोडून असं लिहिलं: 'जून 2007 मध्ये गोनू वादळ आलं आणि घुब्र्यातल्या आमच्या तळमजल्यावर गुडघाभर पाणी शिरलं. चेचीने आम्हाला तिसऱ्या मजल्यावर नेलं. नळ कोरडे पडले होते. तिच्याकडे पिण्याच्या पाण्याचे दोन कॅन होते. त्यातला एक तिने आमच्या आठ महिन्यांच्या मुलीसाठी बाजूला ठेवला. भांडी घासण्यात पाणी जाऊ नये म्हणून तिच्या घरची माणसं चार दिवस कागदी ताटांत जेवली.' याच्यापुढे 'आभार' हा शब्द मी लिहिलाच नाही. शेवटी मात्र एक वाक्य मल्याळममध्ये म्हटलं. ते तिच्याच मुलाकडून लिहून घेतलं होतं आणि आठवडाभर रोज पाठ करत होते.

प्रसंग निवडताना एक पथ्य पाळा. उसने पैसे, आजारपण, घरातली भांडणं, नोकरी गेल्याचे महिने, यांतलं काही सांगायचं असेल तर त्या माणसाला आधी विचारा. तुमच्या मसुद्यात अशा एका उसनवारीचा उल्लेख आहे. तुमच्यासाठी ती कृतज्ञता आहे, पण देणाऱ्याने ती कदाचित घरीही सांगितलेली नसेल.

दुसरा बदल मला फार महत्त्वाचा वाटतो. 'शेवटी आपल्या मातीत जाण्यातच सुख' हे वाक्य काढा. समोर बसलेल्यांपैकी कुणाचं कर्ज फिटायचंय, कुणाच्या मुलाची बारावी आहे, कुणाला गावी परतायला घरच उरलेलं नाही. तुमचा आनंद त्यांना बोचेल. परत का जाताय ते एका ओळीत सांगा: सासूबाई एकट्या आहेत, म्हणून. तेवढं पुरे.

मुलांना तुमचं लिहिलेलं वाचायला लावू नका. शहर सोडायचं तुम्ही ठरवलंत, मित्र मात्र त्यांचेही सुटताहेत. मुलाला एवढंच विचारा, 'तुला इथली कुठली गोष्ट सांगावीशी वाटते?' तो म्हणेल ते त्याला त्याच्या भाषेत, इंग्रजीत का होईना, बोलू द्या. बोलायचं नसेल तर राहू द्या.

भाषण चार मिनिटांचं ठेवा, म्हणजे साधारण चारशे शब्द. घरी मोठ्याने वाचून बघा. गळा जिथे दाटतो ती जागा दरवेळी तीच असते. तिथे कागदावर खूण करा आणि तो परिच्छेद तुमच्या यजमानांकडे द्या. माझा पाण्याच्या कॅनचा भाग यांनीच वाचला. बोलणं जेवणाआधी आटपा, नंतर लहान मुलं पेंगतात. आणि हा कार्यक्रम जाण्याच्या आदल्या रात्री नको, निदान दहा दिवस आधी ठेवा. शेवटच्या रात्री बॅगांचं वजन करण्यातच सगळे अडकलेले असतात.

शेवट तुम्ही 'आम्ही जातो' असा केलाय. आपल्याकडे उंबऱ्यावर कुणी 'जातो' म्हणतं का? 'येतो' म्हणा, आणि परभाषिक मित्रांना त्या शब्दाचा अर्थ समजावून सांगा. 'कधीही या' हे आमंत्रण हवेत विरतं, म्हणून दिवस सांगा. मी म्हटलं होतं, 'चवथीच्या आदल्या दिवशी या, माटोळी बांधायला माणसं कमी पडतात.' मस्कतच्या घरी आमच्या माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर फळं-भाज्या टांगतात त्या चौकटीला, दरवर्षी ताज्या खजुराचा एक घोस असायचा, आणि तो चेची आणायची. 2016 च्या चवथीला ती फोंड्याला आली. दारातच तिने पिशवी उघडली, आत वर्तमानपत्रात गुंडाळलेला खजूर होता.