पहिला लोकरी स्वेटर घेताना

कश्मिरी, म्हणजे बकरीच्या मऊ लोकरीचाच स्वेटर घ्यायचा म्हणतोस, पण आपल्या परभणीची थंडी बघ. पहाटे हुडहुडी भरते आणि दुपारी बारापर्यंत अंगातलं काढावं लागतं. तेवढ्याच वजनात मेंढीच्या लोकरीपेक्षा ऊब कश्मिरीला जास्त, हे खरं. पण त्याचे तंतू आखूड, त्यामुळे काखेत, बाहीवर लवकर गोळे येतात. तुला रोज गाडीवर जायचंय, म्हणून पातळ मेरिनो, म्हणजे मेरिनो मेंढीच्या बारीक लोकरीचा घे. घाम शोषतो आणि वासही लवकर धरत नाही.

लँब्सवूल म्हणजे कोकराची पहिली कातरण. स्वस्त, जाड, उबदार, पण काहींना टोचते. टोचणं हे ॲलर्जीपेक्षा बहुतेक वेळा तंतूच्या जाडीमुळे होतं. साधारण ३० मायक्रॉनपेक्षा, म्हणजे ०.०३ मिलिमीटरपेक्षा जाड तंतूचं टोक वाकत नाही, कातडीत रुततं. दुकानात हाताला लावून कळत नाही, मानेला दोन मिनिटं लावून बघ. टोचलंच तर आत सुती शर्ट घालायचा.

धुण्यात मात्र तिघांचे लाड सारखेच. मी माझा लँब्सवूल गरम पाण्यात घालून चोळला होता. लोकरीच्या तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकले आणि स्वेटर पुतण्याच्या मापाचा झाला. तो परत ताणता येत नाही. कोमट पाणी, लोकरीचं लिक्विड, दहा मिनिटं दाबून सोडायचं. बोअरच्या जड पाण्यात साबणवडी नको, पांढरा थर बसतो. पिळू नकोस. टॉवेलात गुंडाळून दाब आणि बाजेवर सावलीत पसर. दोरीवर टाकलास तर ओल्या वजनाने बाह्या गुडघ्यापर्यंत येतील. मार्चमध्ये धुऊनच ठेव, घामाच्या डागावर कसर आधी लागते.