शीर्षकातला ₹40,000 चा आकडा

"मी एसी, गीझर, मिक्सर अशा वस्तूंच्या 'सर्वोत्तम' याद्यांचे अ‍ॅफिलिएट लेख लिहितो. शीर्षकात किंमत आणि वर्ष कसं घालू, म्हणजे लोक लेख उघडतील पण नंतर फसवलं असं वाटणार नाही?"

2025 च्या एप्रिलमध्ये मी एक शीर्षक लिहिलं होतं: '2025 मधले सर्वोत्तम 1.5 टन एसी, ₹40,000 च्या आत'. यादीत सहा एसी होते आणि लिहिलं त्या दिवशी सहाही चाळीसच्या आत बसत होते. पण तो सेलचा दिवस होता, आणि दोन एसींच्या किमतीत एका बँकेच्या कार्डावरची सूट मी धरली होती. आमच्या मुलुंडच्या इमारतीतल्या एका काकूंनी तो लेख वाचून त्यातलाच एक एसी घेतला. तोवर सेल संपला होता आणि ते कार्ड त्यांच्याकडे नव्हतंच. त्यांनी ₹41,490 मोजले, वर फिटिंग, बाहेरच्या युनिटचं स्टँड आणि जादा तांब्याचा पाइप मिळून ₹4,200. जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "अरे, तू चाळीस म्हणाला होतास ना?" मला खूप वाईट वाटलं. माझं शीर्षक एका दिवसापुरतंच खरं होतं, आणि वाचणारा त्या दिवशी येईल याची काहीच खात्री नसते.

तेव्हापासून मी किंमत अशी ठरवतो. यादीतल्या प्रत्येक वस्तूची किंमत चार आठवडे, दर सोमवारी, एका वहीत लिहून ठेवतो. बँक ऑफर, एक्स्चेंज, कूपन यातलं काहीही धरत नाही. सेलच्या दिवसांची नोंद करतो, पण ती हिशेबात घेत नाही. मग सर्वांत स्वस्त वस्तूचा नेहमीचा भाव ही किमतीच्या पट्ट्याची खालची बाजू, सर्वांत महाग वस्तूचा भाव ही वरची. त्या सहा एसींचे आकडे असे आले: ₹33,490, ₹34,990, ₹35,990, ₹37,490, ₹38,990 आणि काकूंनी घेतलेला ₹41,490. हजारात करताना नेहमी बाहेरच्या बाजूला सरकायचं, म्हणजे ₹33,000 ते ₹42,000. 'चाळीसच्या आत' लिहायचंच असेल तर सहावा एसी यादीतून काढावा लागतो. तो मनापासून आवडत असला तरी शीर्षकासाठी त्याची किंमत कमी करून सांगता येत नाही.

'₹29,990 पासून' हा प्रकार मी पूर्ण सोडला. 'पासून'मागचा आकडा बहुतेक वेळा एकाच मॉडेलचा, एकाच दिवसाचा असतो, आणि वाचणाऱ्याच्या डोक्यात तोच बसतो. शिवाय लिंक अ‍ॅमेझॉनच्या असतील तर त्यांच्या असोसिएट्स कार्यक्रमाच्या अटीही बघा. एखाद्या वस्तूची किंमत हाताने टाइप करून दाखवायला त्यात परवानगी नाही. ती त्यांच्याच लिंकमधून किंवा API मधून यावी लागते. म्हणून शीर्षकात एका मॉडेलचा भाव नको, पूर्ण यादीचं बजेट सांगणारा पट्टा हवा. एसीच्या बाबतीत मी 'फिटिंग वेगळं' हे दोन शब्द शीर्षकातच घालतो, कारण मुंबईत जुन्या इमारतीच्या बाहेरच्या भिंतीपर्यंत पाइप न्यायला कितीही लागू शकतो.

आता वर्ष. इथली चूक सहज दिसत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

22 सप्टेंबर 2025 ला एसीवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आला. कर धरून ₹41,490 ला असलेला एसी, सगळा फायदा ग्राहकाला दिला तर, साधारण ₹38,250 ला यायला हवा (41,490 भागिले 1.28, गुणिले 1.18). म्हणजे माझं एप्रिलमधलं शीर्षक, जे लिहिलं तेव्हा नेहमीच्या भावाला खोटं होतं, ते ऑक्टोबरमध्ये कागदावर खरं ठरलं! आणि तरीही ते चुकीचंच होतं. कारण आता ₹40,000 मध्ये आधी जवळपास ₹43,400 ला मिळणारा एसी येऊ शकत होता, आणि तसे एसी मी एप्रिलमध्ये पाहिलेच नव्हते. शीर्षक 2025 चंच, वर्षही तेच, पण यादी शिळी. त्यामुळे कर बदलला की नुसता पट्टा सरकवून भागत नाही, निवड पुन्हा करावी लागते.

स्टारचंही तसंच आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने 1 जुलै 2022 पासून एसीच्या स्टारचं कोष्टक कडक केलं, आणि जुना पाच स्टार साधारण चार स्टारच्या जागी आला. '2022 चे सर्वोत्तम 5 स्टार एसी' हे शीर्षक फेब्रुवारीत लिहिणारा आणि ऑगस्टमध्ये लिहिणारा, दोघं वेगवेगळ्या यंत्रांबद्दल बोलत होते. 1 जानेवारी 2026 पासून कोष्टक पुन्हा बदललं आहे. दुकानात जुना माल काही काळ विकला जातोच, म्हणून लेबलवर छापलेला कालावधी वाचा आणि तुमची यादी कोणत्या लेबलची आहे ते लेखात सांगा.

म्हणून वर्ष मी किमतीला बांधून, महिन्यासकट लिहितो. माझं आताचं शीर्षक असं आहे: '1.5 टन, 3 स्टार इन्व्हर्टर एसी: ₹33,000 ते ₹42,000 मधले आम्ही निवडलेले 6 (किमती मार्च 2026, फिटिंग वेगळं)'. पट्टा योगायोगाने तोच आला, पण यादीतले दोन एसी नवे आहेत. 'सर्वोत्तम' हा शब्द मी काढला, कारण बाजारातले सगळे एसी मी पाहिलेले नाहीत. 'आम्ही निवडलेले 6' एवढाच दावा मला पेलतो. हे एसी घरी चालवून न बघता फक्त माहितीपत्रकं आणि ग्राहकांची मतं वाचून निवडले असतील, तर पहिल्याच परिच्छेदात तसं लिहा. लिंकमधून कमिशन मिळतं हेही तिथेच, लिंकच्या आधी. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबतच्या 2022 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांचा रोखही असे आर्थिक संबंध उघड करण्याकडेच आहे.

तुम्ही वर्डप्रेस वापरत असाल तर एक गोष्ट आजच तपासा. शीर्षकात `%currentyear%` किंवा `%%currentyear%%` असा टॅग टाकून ठेवला असेल, तर 1 जानेवारीला मध्यरात्री तुमच्या प्रत्येक यादीवर नवं वर्ष येतं, आतली एकही किंमत न तपासता. तो टॅग काढा. लेखाच्या पत्त्यातही वर्ष नको, `/1-5-ton-ac-2025` ऐवजी `/1-5-ton-ac` ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी पत्ता बदलावा लागणार नाही. `<title>` मध्ये एक वर्ष आणि पानावरच्या मथळ्यात दुसरं असेल, तर गूगल स्वतःच वेगळं शीर्षक दाखवू शकतं, म्हणून दोन्ही एकदम बदला.

लोक उघडतील का, हे तुम्ही विचारलंत. माझ्याकडे उघडणारे कमी झाले. जे गेले त्यांत ₹28,000 घेऊन आलेले बरेच असणार, आणि त्यांच्यासाठी त्या यादीत काहीच नव्हतं. त्यांच्या बजेटची यादी मी वेगळी करतोय, 1 टनाच्या एसींची. तिच्या वहीत सध्या दोनच सोमवार भरले आहेत, म्हणून ती अजून टाकलेली नाही.