बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असताना क्रिएटिन घेण्याआधी काय तपासावे?

प्रश्न: "वय 46, राहायला घोडबंदर रोडला. तीन महिन्यांपासून जिमला जातो. ट्रेनर रोज क्रिएटिन घ्या म्हणतात. मला बीपीची आणि शुगरची गोळी चालू आहे. डॉक्टरांना विचारायची खरंच गरज आहे का, की ही उगाच घातलेली भीती आहे?"

हो, विचारायची गरज आहे. मी ठाण्यात पाचपाखाडी भागात औषधांचे दुकान चालवणारा फार्मासिस्ट आहे आणि हा प्रश्न माझ्या काउंटरवर अलीकडे वारंवार येतो. क्रिएटिन मोनोहायड्रेट म्हणजे स्नायूंची ताकद वाढवण्यासाठी जिमला जाणारे घेतात ती पावडर. निरोगी माणसाने ती रोज 3 ते 5 ग्रॅम घेतल्याने मूत्रपिंड बिघडते, असे आजवरच्या अभ्यासांत दिसलेले नाही. त्यामुळे 'क्रिएटिनने किडनी जाते' हे सरसकट विधान मी कोणालाही ऐकवत नाही. तुमची अडचण वेगळी आहे. तुमच्या गोळ्या मूत्रपिंडाला झेपत आहेत की नाही, हे डॉक्टर रक्तातल्या ज्या एका आकड्यावरून पाहतात, नेमका तोच आकडा क्रिएटिनमुळे बदलतो.

त्या आकड्याचे नाव क्रिएटिनिन. नावे इतकी सारखी आहेत की ग्राहक दोन्ही एकच समजतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. शरीरातले बहुतेक सगळे क्रिएटिन स्नायूंत असते आणि त्यातला दीड-दोन टक्के भाग रोज आपोआप क्रिएटिनिनमध्ये बदलून रक्तात येतो. मूत्रपिंड ते गाळून लघवीवाटे बाहेर टाकते. मोरीचा जाळीचा भाग तुंबला की पाणी साचते, पण नळ मोठा सोडला तरी पाणी साचतेच, आणि नुसत्या साचलेल्या पाण्याकडे पाहून यातले काय झाले ते कळत नाही. क्रिएटिन घेणे म्हणजे नळ थोडा मोठा सोडणे. मूत्रपिंड ठणठणीत असूनही रक्तातले क्रिएटिनिन साधारण 0.1 ते 0.3 ने वाढलेले दिसू शकते. प्रयोगशाळेचे यंत्र त्याच आकड्यावरून ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडाच्या गाळण्याचा अंदाज, काढते. तुमच्या वयाच्या पुरुषाचे क्रिएटिनिन 1.0 असेल तर ईजीएफआर सुमारे 94 येतो, तेच 1.3 झाले की हिशेबाने तो 69 वर उतरतो.

आता तुमच्या गोळ्यांकडे येऊ. 'बीपीची एक गोळी' असे आपण म्हणतो, तेव्हा त्या एका गोळीत पुष्कळदा दोन औषधे असतात. पाकिटाच्या मागचे बारीक अक्षरांतले नाव वाचा. टेल्मिसार्टन 40 च्या जोडीला हायड्रोक्लोरोथायझाइड 12.5 किंवा क्लोरथॅलिडोन लिहिलेले असेल, तर तुम्ही लघवी वाढवणारे औषध घेत आहात, जरी तुम्हाला ते कोणी त्या नावाने सांगितले नसले तरी. शुगरच्या गोळीतही हे लपलेले असू शकते: डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन लघवीवाटे साखर बाहेर काढते आणि साखरेबरोबर पाणीही जाते. 'मला पाण्याची गोळी नाही' असे ठामपणे सांगणाऱ्यांच्या पाकिटावर मी ही नावे अनेकदा दाखवली आहेत.

पाणी कमी झालेल्या शरीरात मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तपुरवठा मंदावतो. अशा वेळी मूत्रपिंड स्वतःच्या बारीक रक्तवाहिन्या आवळून-सैल करून आतला दाब टिकवते. टेल्मिसार्टनसारखे औषध बाहेर जाणारी वाहिनी सैल ठेवते, म्हणजे एक आधार कमी होतो. त्यात डायक्लोफिनॅक, असेक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनसारखे वेदनाशामक पडले, तर आत येणारी वाहिनी आवळली जाते आणि दुसराही आधार जातो. टेल्मिसार्टन, लघवीचे औषध आणि वेदनाशामक हे तिन्ही एकत्र आल्यावर मूत्रपिंडाचे काम काही दिवसांतच खरोखर घसरू शकते. जिमला नव्याने जाणारा माणूस नेमक्या या वेदनाशामक गोळ्याच आपल्या मनाने घेतो. या घसरणीचे कारण क्रिएटिन नसते. पण क्रिएटिनमुळे ती ओळखणे मात्र अवघड होऊन बसते.

एक प्रसंग सांगतो. आमचे एक जुने ग्राहक आहेत, वय 52. टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइडची एकत्र गोळी, शिवाय शुगरसाठी मेटफॉर्मिन, अशी त्यांची औषधे. आधीच्या रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन 1.0, ईजीएफआर 91. त्यांनी ऑनलाइन क्रिएटिन मागवले आणि डॉक्टरांना सांगितले नाही. मे महिन्यात रविवारी सकाळी येऊरचा चढ, बाकीचे दिवस जिम, आणि खांदा दुखायला लागल्यावर घरात पडलेली असेक्लोफिनॅकची जुनी स्ट्रिप, दिवसाला दोन गोळ्या, सात-आठ दिवस. नेहमीच्या तपासणीत क्रिएटिनिन 1.4 आणि ईजीएफआर 60 च्या आसपास आला. ते रिपोर्ट घेऊन आधी माझ्याकडे आले आणि म्हणाले, "हे क्रिएटिनमुळेच असणार, इंटरनेटवर लिहिलंय, चिंता नाही ना?" मी त्यांना त्याच कागदावरच्या दुसऱ्या दोन ओळी दाखवल्या. युरिया 54 होते, पोटॅशियम 5.4, दोन्ही वाढलेले. क्रिएटिनने युरिया वाढत नाही आणि पोटॅशियमही वाढत नाही. (व्हे प्रोटीन भरपूर घेणाऱ्यांचे युरिया थोडे वाढते, पण हे ते घेत नव्हते.) शिवाय अंथरुणातून उठताना चक्कर येते आणि लघवी गडद होते, हे त्यांनी विचारल्यावर सांगितले. मी त्यांना त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायला सांगितले.

डॉक्टरांनी वेदनाशामक आणि क्रिएटिन दोन्ही बंद केले, लघवीचे औषध काही दिवस थांबवले आणि आठवड्याने रक्त पुन्हा तपासले. युरिया आणि पोटॅशियम पूर्ववत झाले, क्रिएटिनिन 1.2 वर आले. उरलेला 0.2 मात्र सावकाश गेला. पाच आठवड्यांनी आकडा पुन्हा 1.0 झाला. दोन वेगांनी झालेल्या या उतरणीतच उत्तर आहे. पाणी कमी पडल्याने आणि वेदनाशामकामुळे झालेली खरी घसरण काही दिवसांत सावरली, तर स्नायूंत साठलेले जादा क्रिएटिन ओसरायला महिना-सव्वा महिना लागला. क्रिएटिन म्हणून सगळेच दुर्लक्षिले असते, तर वाढत्या पोटॅशियमचा हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकला असता. उलट, क्रिएटिनची माहिती नसलेल्या डॉक्टरांनी फक्त आकडा पाहिला, तर चांगली लागू पडलेली औषधे विनाकारण कमी केली जाण्याची शक्यता असते. मेटफॉर्मिनचा डोस ईजीएफआरवर ठरतो: 45 च्या खाली तो सहसा कमी करतात आणि 30 च्या खाली औषध बंदच करतात.

तुमच्या बाबतीत म्हणून पहिला डबा उघडण्याआधी तपासण्या व्हायला हव्यात. नंतर केल्या तर तुलना करायला स्वच्छ आकडा उरत नाही. डॉक्टरांकडे क्रिएटिनिन आणि ईजीएफआर, युरिया, सोडियम-पोटॅशियम, एचबीए1सी आणि लघवीतील अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर यांची विचारणा करा. मधुमेह असलेल्यांसाठी मला शेवटची तपासणी सर्वांत मोलाची वाटते, कारण मधुमेहाने मूत्रपिंडाला होणारी इजा रक्तात दिसण्याच्या कितीतरी आधी लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनात दिसते. हे गुणोत्तर 30 च्या वर असेल किंवा ईजीएफआर आधीच 60 च्या खाली असेल, तर डॉक्टरांनी मूत्रपिंडाची नीट तपासणी करून परवानगी दिल्याशिवाय क्रिएटिनला हात लावू नका. रक्त देण्याआधीचे दोन दिवस जड व्यायाम टाळा आणि आदल्या रात्री मटण-चिकन खाऊ नका, कारण दोन्हींमुळे क्रिएटिनिन थोडे वर जाते.

पुढे कधी आकडा वाढला आणि उलगडा होत नसेल, तर सिस्टॅटिन सी नावाची रक्ततपासणी असते. ते द्रव्य स्नायूंतल्या क्रिएटिनपासून बनत नाही, त्यामुळे त्यावरून काढलेला ईजीएफआर क्रिएटिनने बदलत नाही. थायरॉइडचा विकार किंवा स्टिरॉइड चालू असल्यास मात्र तोही आकडा फसवू शकतो, एवढे डॉक्टरांना आठवणीने सांगा.

डॉक्टरांनी होकार दिला तरी ट्रेनर सांगतात तो रोज 20 ग्रॅमचा सुरुवातीचा आठवडा तुम्ही करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. रोज 3 ग्रॅम घेतले तरी स्नायू तीन-चार आठवड्यांत भरतात, थोडा उशीर एवढाच फरक. ते फळांच्या रसात घ्या, असाही सल्ला दिला जातो. तुमच्या शुगरला तो रस परवडणारा नाही, साधे पाणी पुरते. डब्यावर क्रिएटिन मोनोहायड्रेट एवढाच घटक असावा. कॅफिन मिसळलेल्या प्री-वर्कआउट पावडरी बीपी असलेल्या माणसाने दूर ठेवाव्यात. सुरुवातीला स्नायूंत पाणी ओढले गेल्याने वजन एक-दोन किलो वाढते, त्याची भीती नको. हृदय कमकुवत असल्यामुळे टॉर्सेमाइड किंवा फ्युरोसेमाइड ही लघवीची औषधे घेणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे: त्यांना दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर कळवा असे सांगितलेले असते, आणि क्रिएटिनचे पाणी तो इशाराच झाकून टाकते. अशा रुग्णांना मी ते विकतच नाही.

जुलाब, उलट्या किंवा ताप आला की क्रिएटिन त्या दिवसापासून थांबवा आणि बीपी-शुगरच्या कोणत्या गोळ्या तात्पुरत्या थांबवायच्या हे फोन करून विचारा. हा प्रश्न आधीच विचारून चिठ्ठीवर लिहून घेतलेला बरा. अंग दुखले तर पॅरासिटामॉलवर भागवा. सहा आठवड्यांनी त्याच प्रयोगशाळेत रक्त पुन्हा तपासा. आमच्या त्या ग्राहकांनी पुढे डॉक्टरांच्या संमतीने 3 ग्रॅमवर पुन्हा सुरुवात केली. त्यांचे क्रिएटिनिन आता 1.2 असते, युरिया आणि पोटॅशियम ठीक असते, आणि डॉक्टरांनी त्यांच्या फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने 'क्रिएटिन चालू, आधीचे 1.0' असे लिहून ठेवले आहे.